मिश्रणात शुद्ध घटक घालण्याचे गणित

एखाद्या द्रावणात किंवा मिश्रधातूत तिच्यातलाच एक घटक शुद्ध स्वरूपात घालत गेले, तर मिश्रणातील त्या घटकाचे प्रमाण, म्हणजे संहती, कशी बदलते हे काढण्याचे गणित. मूळ मिश्रणाचे वजन V आणि त्यात हव्या असलेल्या घटकाचे वजन a असेल, आणि त्यात तोच घटक शुद्ध स्वरूपात x इतका घातला, तर नवी संहती अशी येते :

C(x) = (a + x)/(V + x)

घातलेला x दोन ठिकाणी जमा होतो. तो त्या घटकाच्या वजनात मिळतो, आणि एकूण वजनातही मिळतो. त्यामुळे अंशातही x आहे आणि छेदातही. असे दोन बहुपदींचे गुणोत्तर म्हणजे परिमेय फलन. या गणितातले सगळे अनपेक्षित प्रकार छेदातल्या त्या x मुळे घडतात.

पाठ्यपुस्तकांत हे गणित बहुधा आम्लाच्या द्रावणावर बेतलेले असते : इतके मिलिलिटर द्रावण आहे, त्यात किती शुद्ध आम्ल घातले म्हणजे संहती इतकी होईल? समीकरण मांडले, x काढला, की गणित संपते. त्यात फलनाचा आकार बघायचा राहून जातो, आणि खरे शिकण्यासारखे त्या आकारातच आहे. तो सर्वांत स्वच्छ दिसतो सोनाराच्या मुशीत, म्हणून येथे सोन्याचेच उदाहरण घेतले आहे.

सोन्याचा कस कॅरेटमध्ये सांगतात. २४ भागांपैकी जितके भाग सोने, तितके कॅरेट. १८ कॅरेटच्या १० ग्रॅम सोन्यात ७.५ ग्रॅम सोने असते आणि २.५ ग्रॅम तांबे, चांदी वगैरे, म्हणजे सोनाराच्या भाषेत खोट. हे सोने आटवून त्यात चोख सोने घालायचे आणि २२ कॅरेटची लगड करायची. चोख सोने किती लागेल?

कागद न घेता अंदाज विचारला तर बहुतेक जण तीन-चार ग्रॅम सांगतात. उत्तर २० ग्रॅम आहे. मुशीत मूळ जितके वजन होते त्याच्या दुप्पट चोख सोने वरून घालावे लागते. ताळा सोपा आहे : एकूण वजन ३० ग्रॅम, त्यात सोने २७.५ ग्रॅम, आणि २७.५ भागिले ३० म्हणजे बरोबर २२/२४.

हे असे का होते ते सोन्याकडे पाहून पटकन कळत नाही, खोटीकडे पाहून कळते. चोख सोने कितीही घातले तरी मुशीतली २.५ ग्रॅम खोट जागची हलत नाही. ती फक्त मोठ्या वजनात पसरते. २२ कॅरेटमध्ये खोट १/१२ असते. २.५ ग्रॅम हा बारावा हिस्सा व्हायचा तर एकूण वजन ३० ग्रॅमच हवे. म्हणून सूत्र या दुसऱ्या रूपात लिहिणे जास्त उपयोगाचे :

C(x) = १ − २.५/(१० + x)

कॅरेटमध्ये तेच असे होते :

K(x) = २४ − ६०/(१० + x)

या रूपात फलन आपली सगळी हकिगत सांगते. x शून्य असताना ६० ला १० ने भागून ६ येतात, म्हणजे चोखपणाला ६ कॅरेट कमी. ५ ग्रॅम घातले की उणीव ४ होते आणि सोने २० कॅरेटचे होते. १० ग्रॅम घातले की २१, २० ग्रॅमला २२, ५० ग्रॅमला २३, आणि साडेतेवीस हवे असेल तर ११० ग्रॅम. एकूण वजन दुप्पट झाले की उणीव निम्मी होते. उणीव निम्मी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. आलेखात K = २४ ही आडवी रेषा वक्राची अनंतस्पर्शी रेषा आहे. वक्र तिच्याकडे सरकत राहतो, पण तिला टेकत नाही. वक्र स्वतः अपास्ताचा एक तुकडा आहे. बीजगणिताने पाहिले तर x = −१० पाशी छेद शून्य होतो आणि तेथे उभी अनंतस्पर्शी रेषा येते, पण मुशीला त्याच्याशी कर्तव्य नाही. तिथले गणित शून्यापासून पुढेच चालते.

सुरुवातीचा आणि नंतरचा वेग यांतला फरकही याच सूत्रात आहे. K(x) चे विकलज ६०/(१० + x)² आहे. पहिल्या थेंबाला सोने ग्रॅममागे ०.६ कॅरेट या वेगाने चढते. २२ कॅरेटला पोहोचेपर्यंत तो वेग ग्रॅममागे सुमारे ०.०६७, म्हणजे सुरुवातीच्या नवव्या हिश्शावर आलेला असतो. ‘५ ग्रॅमला दोन कॅरेट वाढले, मग १० ग्रॅमला चार वाढतील’ असा हिशेब येथे बसत नाही, तो याच कारणाने. त्रैराशिक सरळ रेषेवर चालते, आणि हा वक्र आहे.

विद्यार्थ्यांची सर्वांत नेहमीची चूक मात्र वेगळी आहे. १० ग्रॅमला २२ कॅरेटप्रमाणे ९.१७ ग्रॅम सोने हवे, आहे ७.५ ग्रॅम, म्हणून १.६७ ग्रॅम घाला, असे ते मांडतात. यात x अंशात धरला जातो आणि छेदात विसरला जातो. चूक पकडायची रीत एकच : उत्तर पुन्हा मुशीत घालून पाहायचे. ९.१७ ला ११.६७ ने भागले की ०.७८६ येते, म्हणजे जेमतेम १८.९ कॅरेट. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे, आणि शिकवताना तो उत्तराइतकाच आग्रहाने करून घ्यायला हवा.

प्रत्यक्षात ‘चोख’ या शब्दातही फरक असतो. बाजारात ९९५ आणि ९९९ अशा दोन्ही टंचाचे शुद्ध सोने मिळते, म्हणजे हजार भागांत तितके भाग सोने. दागिन्यावर 22K916 हा ठसा असेल तर त्यात हजारात किमान ९१६ भाग सोने हवे. वरच्या उदाहरणात २० ग्रॅम ९९९ टंचाचे घातले तर सोने होते ७.५ + १९.९८ = २७.४८ ग्रॅम, आणि ३० ने भागल्यावर बरोबर ९१६ येतात. काठावर का होईना, लगड उतरते. तेच २० ग्रॅम ९९५ टंचाचे घातले तर सोने २७.४ ग्रॅमच होते आणि टंच ९१३ वर अडतो. डोळ्याला दोन्ही लगडी सारख्याच पिवळ्या दिसतात, पण एक तपासणीत पास होते आणि दुसरी नापास.

घालायचा घटक पूर्ण शुद्ध नसेल तर सूत्रात अंशातल्या x ला त्याच्या टंचाने गुणावे लागते :

C(x) = (७.५ + ०.९९५x)/(१० + x)

यात ९१६ साधायला x सुमारे २१.०१ ग्रॅम येतो, म्हणजे आधीच्या २० ग्रॅमपेक्षा एक ग्रॅमहून थोडे जास्त. आणखी एक गोष्ट बदलते : अनंतस्पर्शी रेषा १ वरून ०.९९५ वर उतरते. कोणत्याही मिश्रणाचा टंच त्यात घातलेल्या सर्वांत चोख लगडीच्या वर जाऊ शकत नाही. अंशातल्या आणि छेदातल्या x च्या सहगुणकांचे गुणोत्तर हीच ती मर्यादा.

मूळचा ७.५ हा आकडाही तपासून घ्यावा लागतो. जुन्या दागिन्यात सांधे झाळलेले असतात आणि झाळ दागिन्याच्या अंगापेक्षा हलक्या कसाची असते. त्यामुळे १८ कॅरेटचा म्हणून आलेला दागिना आटवल्यावर त्याहून कमी भरू शकतो. म्हणून आधी तो सवागी, म्हणजे टाकणखार, घालून आटवायचा, लगडीचा टंच काढायचा, आणि मगच x चे गणित करायचे. दागिन्याच्या एका टोकावर केलेली कसोटी मुशीतल्या a बद्दल पुरेसे सांगत नाही.

१० ग्रॅमसाठी २० ग्रॅम चोख सोने गुंतवणे महागात जाते, म्हणून कस वाढवण्याचा दुसरा मार्ग आहे खोट काढून टाकण्याचा. y ग्रॅम खोट काढली तर K = १८०/(१० − y) होते, आणि २२ कॅरेटसाठी y सुमारे १.८२ ग्रॅम येतो. एकीकडे २० ग्रॅम घालणे आणि दुसरीकडे १.८२ ग्रॅम काढणे, दोन्हींचा कस तोच. घालण्याच्या मार्गाने ३० ग्रॅम लगड हातात येते, काढण्याच्या मार्गाने ८.१८ ग्रॅम. सूत्रे वेगळी आहेत आणि एकाच्या जागी दुसरे वापरता येत नाही. कस उतरवायचा असेल तर तिसरे सूत्र लागते : तांबे घातल्यावर अंश ७.५ वर स्थिर राहतो आणि फक्त छेद वाढतो.

हे दोन्ही मार्ग भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) सुवर्णगणित या प्रकरणात आहेत. तेथे कसाला ‘वर्ण’ म्हटले असून चोख सोने १६ वर्णांचे धरले आहे. प्रत्येक तुकड्याचे वजन त्याच्या वर्णाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण वजनाने भागायचे, ही रीत. उदाहरणात १०, ४, २ आणि ४ माष वजनाचे, अनुक्रमे १३, १२, ११ आणि १० वर्णांचे तुकडे एकत्र आटवले आहेत. गुणाकारांची बेरीज २४०, वजन २० माष, म्हणून वर्ण १२. पुढचा प्रश्न फार मार्मिक आहे : शोधून हे सोने १६ माष उरले तर वर्ण किती? भाज्य तेच २४० राहते, भाजक १६ होतो, आणि वर्ण १५ येतो. सोने हलले नाही, खोट गेली, म्हणून फक्त भाजक बदलायचा. १६ वर्णांपर्यंत शोधले तर वजन १५ माष उरेल, हेही तेथेच काढून दिले आहे.

द्रवांकडे वळले की एक अट नव्याने घालावी लागते. वरचे सूत्र बेरजेवर उभे आहे, आणि वजनांची बेरीज नेहमी जमते, आकारमानांची जमत नाही. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल ओतले तर १०० मिलिलिटर भरत नाही, सुमारे ९६ ते ९७ मिलिलिटरच भरते. मिलिलिटरमध्ये मांडलेला छेद V + x अशा ठिकाणी खोटा ठरतो. प्रयोगशाळेत म्हणून असे द्रावण वजनाने करतात, किंवा मोजपात्रात खुणेपर्यंत द्रावक भरून एकूण आकारमान पक्के करतात.

विरघळणाऱ्या घनपदार्थांना याहून कडक मर्यादा आहे. १०० ग्रॅम पाण्यात मीठ घालत गेले तर सूत्र x/(१०० + x) असे होते आणि कागदावर ते १०० टक्क्यांकडे सरकत राहते. पण २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅमच मीठ विरघळते. तेथे संहती २६ टक्क्यांच्या आसपास असते आणि वक्र तिथेच आडवा होतो. त्यापुढे घातलेले मीठ तसेच तळाशी बसलेले दिसते.