नव्याण्णवने गुणताना वजा काय करायचं?

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. फळ्यावर ४७ × ९९ लिहिलेलं असतं. निवेदक ४७ मधून एक वजा करून ४६ लिहितो, शंभरातून ४७ वजा करून ५३ लिहितो आणि दोन्ही शेजारी ठेवून ४६५३ हे उत्तर जाहीर करतो. मागे शंखनाद होतो आणि 'वेदातलं रहस्य' अशी पाटी झळकते.

उत्तर बरोबर आहे. पण या रीतीची जाहिरात करणारे ती का चालते ते सांगत नाहीत. त्यामुळे तीच मुलं ३४७ × ९९ समोर आलं की गडबडतात, कारण शंभरातून ३४७ कसे वजा करायचे?

खरं तर इथे रहस्य काहीच नाही. ९९ म्हणजे शंभराला एक कमी. ४७ रांगांत प्रत्येकी ९९ खुर्च्या मांडल्या आहेत असं समजा. प्रत्येक रांगेत शंभर धरल्या तर ४७०० होतात. पण हे धरताना आपण प्रत्येक रांगेत एक खुर्ची जास्तीची मोजली आणि रांगा आहेत ४७. म्हणून परत द्यायच्या खुर्च्याही ४७. ४७०० वजा ४७ म्हणजे ४६५३.

सगळ्यात जास्त मुलं चुकतात ती इथेच. '९९ चे १०० केले, म्हणजे एक वाढवला, म्हणून शेवटी एक वजा' असं म्हणून ती ४६९९ लिहून मोकळी होतात. वाढवलेला एक खरा, पण तो ४७ वेळा वाढवलेला असतो. दुरुस्ती किती करायची हे दोन्ही संख्या मिळून ठरवतात. दुकानातही हेच चालतं. ३९९ रुपयांचे सात शर्ट घेतले तर ४०० ने २८०० होतात आणि त्यातून सात जातात, म्हणून २७९३.

आता व्हिडिओतली युक्ती उलगडते. ४७०० मधून ४७ वजा करायला शतकांमधलं एक मोडावं लागतं. तिथे ४६ उरतात आणि मोडलेल्या शंभरातून ४७ गेले की ५३. म्हणजे ही नेहमीचीच हातच्याची वजाबाकी आहे, फक्त तिचे दोन तुकडे शेजारीशेजारी लिहिलेले. गुणायची संख्या शंभरापेक्षा मोठी असली की हे दोन तुकडे असे सुटे राहत नाहीत. तेव्हा सरळ मुळाकडे जावं: ३४७०० वजा ३४७, उत्तर ३४३५३.

उत्तर तपासायचीही सोय आहे. शंभराला ९९ ने भागलं की बाकी एक उरते. म्हणून उत्तराच्या उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडून त्यांची बेरीज केली, तर ती ९९ च्या पटीतच यायला हवी. ४६ आणि ५३ मिळून ९९. ३४३५३ मध्ये ३, ४३ आणि ५३, पुन्हा ९९. चुकीच्या ४६९९ मध्ये ४६ आणि ९९ मिळून १४५ होतात, तेव्हा चोर लगेच सापडतो. मात्र जोड्यांचीच अदलाबदल होऊन ५३४६ लिहिलं गेलं, तर ही परीक्षा ती चूक पकडू शकत नाही.

पाच आणि पंचवीसची गोष्ट वरवर अशीच दिसते, पण तिथली दुरुस्ती वेगळ्या जातीची आहे. पाचाचे दहा करताना आपण काही मिळवत नाही, दुप्पट करतो. म्हणून शेवटी वजाबाकी नाही, निम्मं करायचं. ७३ × ५ साठी ७३० चे निम्मे, ३६५. पंचवीसचे शंभर करताना चौपट झाली, म्हणून शेवटी चारने भागायचं. फरकाने वाढवलं असेल तर फरक परत करा, पटीने वाढवलं असेल तर पट परत करा. या दोन्हींची गल्लत झाली की सगळंच बिघडतं.

पंचवीससाठी तर आपल्याकडे तयार हत्यार होतं. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी घोकल्या असतील त्यांना ३७ पाव म्हणजे सव्वानऊ हे तोंडपाठ असेल. पंचवीस म्हणजे पाव शंभर, तेव्हा ३७ × २५ म्हणजे सव्वानऊशे, अर्थात ९२५. ३८ ला साडेनऊशे, ३९ ला पावणेदहाशे म्हणजे ९७५. चारने भागून बाकी एक, दोन किंवा तीन उरली की शेवटी २५, ५० किंवा ७५ येणार. काहीच उरलं नाही तर दोन शून्यं. पंचवीसच्या गुणाकाराचा शेवट याशिवाय दुसरा झाला, तर कुठेतरी चुकलंय हे नक्की.

राहता राहिले वेद. 'एकन्यूनेन पूर्वेण' वगैरे सोळा सूत्रं पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या पुस्तकातली आहेत. ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये छापलं गेलं आणि अथर्ववेदाच्या उपलब्ध संहितेत ही सूत्रं सापडत नाहीत. जुना आणि पक्का पुरावा हवाच असेल तर भास्कराचार्यांची ११५० च्या सुमाराची 'लीलावती' उघडावी. गुणकातून सोयीची संख्या वजा करून किंवा त्यात मिळवून गुणाकार करावा आणि मग त्या सोयीच्या संख्येने गुण्याला गुणून येईल ते मिळवावं किंवा वजा करावं, असा नियमच तिथे दिला आहे. उदाहरण १३५ × १२ चं आहे. १२ चे १० धरले तर १३५० अधिक २७०. १२ चे २० धरले तर २७०० वजा १०८०. दोन्हीकडून १६२०. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला १२०७ मध्ये देणगी मिळाल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे. इतकं अस्सल घरात असताना शंखनाद कशाला?

हीच कल्पना संगणकाच्या गुणाकारातही आहे. अँड्र्यू बूथ यांनी १९५१ मध्ये लंडनच्या बर्कबेक कॉलेजात असताना मांडलेली पद्धत द्विमान संख्येतली सलग एकांची रांग शोधते आणि तितक्या बेरजा करण्याऐवजी एक मोठी संख्या घेऊन तिच्यातून एक छोटी वजा करते. १२७ म्हणजे द्विमानात ओळीने सात एक, तेव्हा तो १२८ वजा १ असा हाताळला जातो, आपण ९९ ला १०० वजा १ म्हणतो तसाच. पण खुद्द ९९ तिथे ११०००११ असा दिसतो. त्याला बूथच्या रीतीने मांडलं तर १२८ वजा ३२ अधिक ४ वजा १ असे चार टप्पे होतात, आणि साध्या रीतीनेही ६४, ३२, २ आणि १ असे चारच. म्हणजे फायदा शून्य. संख्येचा गोलपणा तिच्या अंगचा नसतो, मोजणीच्या पायावर ठरतो. आपण दहाच्या पायावर मोजतो म्हणून ९९ ला इतकी सोय आहे. पाचाचं निम्मंही त्याच कारणाने जमतं, कारण दोन पंचे दहा. संगणकाला मात्र पाच म्हणजे चार अधिक एक, आणि पंचवीस म्हणजे सोळा, आठ आणि एक.