सात मिलिमीटरची गाठ आणि वाट पाहण्याचा निर्णय

फिनलंडमध्ये 1985 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी 101 शवविच्छेदनांतल्या थायरॉइड ग्रंथींचे अडीच मिलिमीटर जाडीचे काप केले आणि एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. 36 ग्रंथींत पॅपिलरी कॅन्सर, थायरॉइड कॅन्सरचा सर्वाधिक आढळणारा प्रकार, सापडला. म्हणजे कितीतरी माणसं हा कॅन्सर गळ्यात घेऊन जगतात आणि शेवटी भलत्याच कारणाने जातात. पण जिवंतपणी त्या गाठी दिसत नव्हत्या, तोवर प्रश्नही नव्हता.

सोनोग्राफीने त्या दिसू लागल्या. समजा, सात मिलिमीटरची गाठ आहे: भरीव, आसपासच्या ग्रंथीपेक्षा काळसर, रुंदीपेक्षा उंची जास्त आणि आत बारीक पांढरे ठिपके. अमेरिकी रेडिओलॉजिस्टांच्या 2017 च्या, गाठींना संशयाचे गुण देणाऱ्या टायरॅड्स पद्धतीत याचे 2, 2, 3 आणि 3 असे 10 गुण होतात. सातपासून पुढे सर्वाधिक संशयाचा गट. तरीही ती पद्धत या गटात साधारण एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत सुई घालून पेशी तपासायला सांगत नाही. समजा, तरी कुणी सुई घातली आणि अहवाल आला ‘बेथेस्डा सहा’. सुईने काढलेल्या पेशींच्या बेथेस्डा वर्गीकरणात सहा वर्ग आहेत. पहिल्यात पेशी पुरेशा मिळालेल्या नसतात, दुसरा निरुपद्रवी, सहावा म्हणजे कॅन्सरच. पण हा वर्ग पेशी कसल्या ते सांगतो. त्या किती वेगाने वाढतील, ते सांगत नाही.

नेमकं हेच जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलमधल्या अकिरा मियाउची यांनी हेरलं. 1993 पासून तिथे एक सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठी असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी देखरेखीचा पर्याय मिळू लागला. 2014 मध्ये 1235 रुग्णांचे निष्कर्ष आले: दहा वर्षांत सुमारे 8 टक्के गाठी तीन मिलिमीटर किंवा अधिक वाढल्या, तर मानेच्या लसिकाग्रंथींत कॅन्सर साधारण 4 टक्क्यांत दिसला. चाळिशीच्या आतल्यांत वाढ जास्त होती, साठीपुढे सर्वांत कमी. ज्यांची गाठ वाढली, त्यांची शस्त्रक्रिया नंतर केली, तरी उशिराने नुकसान झालं नाही.

उलट टोक दक्षिण कोरियात दिसलं. सरसकट सोनोग्राफीमुळे 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या पंधरापट झालं. मृत्युदर मात्र जवळपास तसाच राहिला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे 11 टक्क्यांच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं काम मंदावलं आणि 2 टक्क्यांच्या स्वरतंतूंना लकवा झाला. मला हे आकडे फार बोचतात, कारण त्यांतल्या कितीतरी जणांना त्या गाठीने कधीच त्रास दिला नसता.

आपल्या उदाहरणातली गाठ श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला चिकटून असेल, किंवा मानेत कॅन्सरची लसिकाग्रंथी असेल, तर देखरेख नको. तसं काही नसेल तर सहा महिन्यांनी, मग दरवर्षी सोनोग्राफी. पुढच्या वेळी आठ मिलिमीटर आली तर घाबरू नये: मोजणाऱ्याचा हात बदलला तरी एवढा फरक पडतो. दहा आली आणि पुन्हा मोजूनही तेवढीच निघाली, तर शस्त्रक्रियेचं बोलायचं.