पत्रिकेतला ‘विवाहविलंब’ आला कुठून?

काल तलावपाळीवर तू सांगितलंस, ‘गुरुजी म्हणाले, सप्तमात शनी आहे, लग्नाला विलंब आहे.’ तेव्हा तुझा चेहरा पाहून मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहिते.

शनीचं जुनं नाव शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा. सूर्याभोवतीची एक फेरी पूर्ण करायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, एका राशीत तो साधारण अडीच वर्षं असतो. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत हाच सर्वांत मंद. म्हणून तो ज्या स्थानाशी जोडला जाईल तिथलं काम सावकाश होणार, असं फलित बसवलं गेलं. सातवं स्थान जोडीदाराचं, म्हणून लग्न उशिरा.

पण उशीर कशाच्या मानाने? ‘अष्टवर्षा भवेद्गौरी’ हे वचन प्रमाण मानून आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं लावली जात, त्या काळी सोळावं वर्षसुद्धा विलंबच ठरलं असतं. शारदा कायदा झाला 1929 साली, आणि त्यातही मुलीचं किमान वय 14 होतं. ते 18 व्हायला 1978 उजाडलं. इतक्या काळात ‘वेळेवर’चा अर्थ पार बदलला, नियमातला ‘विलंब’ हा शब्द मात्र तसाच राहिला. तुला अठ्ठाविसाव्या वर्षी तो लावताना कुठली मोजपट्टी धरली, हे कुणी सांगितलंच नाही.

आता तुझीच पत्रिका घेऊ. तू 1997 ची. त्या वर्षभर शनी मीन राशीत होता. पत्रिकेतलं लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तिथून स्थानं मोजतात. कन्या लग्नावर जन्म झाला की शनी सप्तमात येतो, तसा तुझ्या पत्रिकेत आहे. पण शनीच्या दृष्टी तीन : तिसरी, सातवी आणि दहावी. त्यामुळे मीन, वृश्चिक आणि मिथुन लग्नावर जन्मलेल्यांच्याही सप्तमावर त्याची नजर पडते. बारापैकी चार लग्नं झाली. दिवसभरात बाराही लग्नं उगवतात, एकेक साधारण दोन तास. म्हणजे त्या वर्षी ठाण्यात कुठल्याही दिवशी जवळपास आठ तासांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला हाच योग लागतो. सप्तमेश, म्हणजे सातव्या स्थानातल्या राशीचा स्वामी, आणि लग्नाचा कारक मानलेला शुक्रही तपासायला घेतले, तर शनीच्या कचाट्यातून फार थोड्या पत्रिका सुटतात. तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींना हा योग असणार, आणि त्यांतल्या काहींची लग्नं चोविशीतच झाली.

त्याच शास्त्रात सप्तमातल्या शनीला दिग्बल मिळतं, म्हणजे तिथे तो बलवान मानतात. हे तुला सांगितलं होतं का?

आणखी एक. लग्नरास दोन तासांनी बदलते, त्यामुळे जन्मवेळ राशीच्या सीमेजवळची असेल तर पाच-दहा मिनिटांच्या चुकीनेही सप्तम स्थान बदलतं. काकूंना विचार, तुझी वेळ दवाखान्याच्या कागदावर आहे की घरात कुणी अंदाजाने सांगितलेली? शांतीचे पैसे भरण्याआधी तेवढं बघ. शनिवारी मी येते, कागद काढून ठेव.