मागे वाकताना कमरेत कळ येते? वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांसाठी आणि जिम्नॅस्टसाठी

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात कंबरदुखीची तक्रार घेऊन खेळाडू मूल आले की आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो: पुढे वाकल्यावर दुखते की मागे? बारा ते अठरा वयाच्या मुलाला मागे कमान टाकताना मणक्याच्या एका बाजूला सुरी खुपसल्यासारखी कळ येत असेल, तर "स्नायू आखडला असेल" म्हणून ते सोडून देऊ नका. मणक्याच्या हाडाला बारीक भेग, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, असण्याची शक्यता असते.

प्रत्येक मणक्याच्या मागच्या कमानीत डावीकडे आणि उजवीकडे हाडाची एकेक अरुंद पट्टी असते. कंबर मागे गेली की वरच्या आणि खालच्या मणक्यांच्या सांध्यांमध्ये ही पट्टी चिमटली जाते. एकदा-दोनदा वाकल्याने काही होत नाही. पण वाढत्या वयात हे हाड अजून पक्के झालेले नसते, आणि तोच ताण रोज शेकडो वेळा पडला तर झीज भरून निघायच्या आत पुढची झीज होते. आधी हाडाला आतून सूज येते, मग भेग पडते. बहुतेकदा ती कमरेच्या सर्वांत खालच्या, म्हणजे पाचव्या मणक्यात सापडते, गोलंदाजांमध्ये चौथ्यातही. रिपोर्टवर "स्पाँडिलोलिसिस" असे लिहिलेले असते. उतारवयातल्या झिजेचा "स्पाँडिलोसिस" हा वेगळा आजार आहे. नावे सारखी वाटत असल्याने पालक उगाच घाबरतात.

उजव्या हाताने टाकणाऱ्या गोलंदाजाचे सहसा डावीकडे दुखते. पुढचा डावा पाय जोरात जमिनीवर आदळतो, त्याच क्षणी कंबर मागे जाते, डावीकडे झुकते आणि वळते, त्यामुळे सगळा भार डाव्या पट्टीवर येतो. जिम्नॅस्टमध्ये ब्रिज, वॉकओव्हर आणि कमान ठेवून केलेले लँडिंग यांमुळे दोन्ही बाजूंना भेग पडू शकते.

एका मुलाचे उदाहरण देतो. वय पंधरा, उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज, दोन संघांकडून खेळायचा आणि मधल्या दिवसांत नेट. दुखणारी जागा त्याने एका बोटाने दाखवली, मणक्याच्या किंचित डावीकडे. डाव्या पायावर उभे राहून मागे वाकायला सांगितले तेव्हा त्याच ठिकाणी कळ आली. या चाचणीने भेग सिद्ध होत नाही, पण संशय बळावतो. त्याचा एक्स-रे नॉर्मल होता. ताजी भेग एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, आणि "काही नाही" असे ऐकून घरच्यांनी त्याला दोन आठवडे विश्रांती दिली. दुखणे थांबले, तो पुन्हा मैदानात उतरला आणि दुसऱ्याच स्पेलमध्ये कळ परतली. शेवटी एमआरआयमध्ये पाचव्या मणक्याच्या डाव्या बाजूला सूज आणि अर्धवट भेग दिसली. एमआरआय केवळ डिस्क डोळ्यांसमोर ठेवून वाचला तर अशी भेग नजरेतून सुटू शकते, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मूल कोणता खेळ खेळते आणि नेमके कुठे दुखते हे लिहिलेले असावे.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. दुखणे काही आठवड्यांत जाते, हाड जुळायला मात्र कित्येक महिने लागतात. त्या मुलाची गोलंदाजी आम्ही चार महिने पूर्ण बंद ठेवली. पळणे, उड्या आणि मागे वाकणेही सुरुवातीला बंद होते. चालायला मात्र मोकळीक होती, अंथरुणावर पडून राहायला सांगितले नव्हते. मग पोट, नितंब आणि मांड्यांचे व्यायाम, पुढे हळूहळू पळणे. गोलंदाजी सुरू केली ती छोट्या रनअपने, दोन षटके, एक दिवसाआड. सामना खेळायला सहा महिने उलटले. पट्टा लावायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात, प्रत्येकाला तो लागतोच असे नाही. वेदनाशामक गोळी घेऊन सामना खेळवणे हे आम्ही कधीच मान्य करत नाही. भेग न जुळता दोन्ही बाजूंना राहिली तर मणका पुढे सरकण्याचा धोका असतो.

जिम्नॅस्ट मुलींच्या बाबतीत आम्ही खाणे आणि मासिक पाळीबद्दलही विचारतो. वजन कमी ठेवण्यासाठी पोटाला चिमटा काढला जात असेल किंवा पाळी थांबली असेल, तर हाड कमकुवत होते आणि नुसत्या विश्रांतीने भागत नाही. हे विचारताना मुलीला संकोच वाटू शकतो, म्हणून सोबत आई किंवा ताई असली तर बरे.

पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे किंवा ताप असेल, तर आमच्या वेळेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर थेट तातडीच्या विभागात न्या.

पहिल्या भेटीला येताना जुने एक्स-रे आणि रिपोर्ट आणा. आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण आणत नाहीत: गेल्या चार आठवड्यांत रोज किती चेंडू टाकले किंवा किती तास सराव झाला, याची टिपण. नेटमधले चेंडूही त्यात धरा, कारण सामन्यातली षटके सगळे मोजतात, नेटमधली कोणीच मोजत नाही.