तीन वाजल्यानंतरच्या म्युच्युअल फंड खरेदीला भाव कोणत्या दिवसाचा?

म्युच्युअल फंडाच्या युनिटचा भाव, म्हणजेच एनएव्ही, शेअर बाजार बंद झाल्यावर त्या दिवसाच्या बंद भावांवरून काढला जातो. त्यामुळे आपल्याला नेमका कोणता भाव लागणार हे पैसे भरताना खरेदीदाराला ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसावे यासाठीच ही पद्धत रचलेली आहे. अमेरिकेत एके काळी आदल्या भावाने युनिट विकले जात. बाजार वर गेल्याचे पाहून जुन्या, स्वस्त भावाने खरेदी करणाऱ्याचा नफा इतर युनिटधारकांच्या खिशातून जात असे, म्हणून तेथील नियामकाने १९६८ साली पुढे ठरणारा भावच लावण्याचा नियम केला. तरीही २००३ साली न्यूयॉर्कचे तत्कालीन ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी कॅनरी कॅपिटल या हेज फंडावर कारवाई केली, तेव्हा बाजार बंद झाल्यानंतर दिलेल्या मागणीलाही त्याच दिवसाचा भाव मिळत असल्याचे उघड झाले. वेळेची मर्यादा कडकपणे का पाळावी लागते, याचे याहून स्पष्ट कारण नाही.

भारतात सेबीने ठरवलेल्या मर्यादेनुसार लिक्विड आणि ओव्हरनाइट योजनांखेरीज इतर योजनांसाठी ही वेळ दुपारी तीनची आहे, म्हणजे बाजार बंद होण्याच्या अर्धा तास आधीची. मात्र तीनपर्यंत नेमके काय पोहोचले पाहिजे, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले. बरीच वर्षे दोन लाख रुपयांपेक्षा कमी रकमेसाठी अर्जावरचा वेळेचा शिक्का पुरेसा होता. अर्ज तीनच्या आत दाखल झाला की चेक नंतर वटला तरी त्या दिवसाचा भाव मिळे, तर दोन लाख किंवा त्याहून अधिक रकमेसाठी पैसे प्रत्यक्ष फंडाच्या हाती यावे लागत. लहान गुंतवणूकदाराला ही सवलत सोयीची वाटे, पण तिच्यात एक अन्याय दडलेला होता. पैसे न आलेल्या युनिटवरही वाढीचा हिस्सा मिळे आणि तो हिस्सा आधीपासून पैसे गुंतवून बसलेल्यांचा असे. सेबीने सप्टेंबर २०२० मध्ये परिपत्रक काढून हा भेद मिटवला. अंमलबजावणी १ जानेवारी २०२१ वरून पुढे ढकलून १ फेब्रुवारी २०२१ पासून झाली. तेव्हापासून रक्कम कितीही असो, अर्जही तीनच्या आत हवा आणि पैसेही तीनच्या आत फंडाच्या खात्यात वापरण्याजोगे जमा झालेले हवेत.

आजचे बहुतेक गैरसमज या दुसऱ्या अटीतून निर्माण होतात. ॲपवर दोन वाजून वीस मिनिटांनी 'पेमेंट यशस्वी' असे दिसले, तरी त्याचा अर्थ आपल्या बँकेतून पैसे निघाले एवढाच असतो. ते पेमेंट गेटवे किंवा क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्गे फंडाकडे जातात आणि या प्रवासात कधी काही तास, कधी पुढचा कामकाजाचा दिवस लागतो.

समजा, शुक्रवारी असे १०,००० रुपये भरले आणि ते फंडाला संध्याकाळी मिळाले. मध्ये सुट्टी नसेल तर भाव सोमवारचा लागेल. १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते, म्हणून ५० पैसे वजा होऊन ९,९९९.५० रुपये उरतात. सोमवारचा भाव ४८.९० असेल, तर या रकमेला भावाने भागून २०४.४८९ युनिट येतात. शुक्रवारचा भाव ४८.२५ होता असे धरले, तर त्या भावाने २०७.२४४ युनिट मिळाले असते. फरक २.७५५ युनिटचा, म्हणजे सोमवारच्या भावाने सुमारे १३५ रुपयांचा आहे. सोमवारी बाजार पडला असता तर हाच उशीर फायद्याचा ठरला असता, म्हणून पुढच्या दिवसाचा भाव लागणे म्हणजे फसवणूक, असे समजणे बरोबर नाही.

पडताळणी करताना अकाउंट स्टेटमेंटमधील भावाची तारीख आधी पाहावी आणि त्या तारखेचा भाव ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरील जुन्या भावांच्या नोंदीत शोधावा. तेथे योजनेचे नाव जुळणे पुरेसे नसते. डायरेक्ट की रेग्युलर, ग्रोथ की लाभांशाचा पर्याय, हेही जुळावे लागते, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा असतो आणि हिशेब न जुळण्याचे कारण बहुधा येथेच सापडते. मग शुल्क वजा केलेली रक्कम भावाने भागावी. युनिट सहसा तीन दशांश स्थळांपर्यंत दिले जातात, म्हणून शेवटच्या अंकातील फरक पूर्णांकनाचा असतो.

भागाकार बरोबर असूनही तारीखच खटकत असेल, तर बँकेच्या स्टेटमेंटवरून निर्णय होत नाही, कारण त्यात पैसे निघाल्याची नोंद असते, फंडाकडे पोहोचल्याची नसते. अशा वेळी व्यवहाराचा क्रमांक देऊन फंडाच्या व्यवहारांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे किंवा फंड हाउसकडे पैसे जमा झाल्याची तारीख आणि वेळ लेखी मागावी. ती तीनच्या आतली असेल आणि अर्जही वेळेत पोहोचलेला असेल, तर त्या दिवसाच्या भावाने युनिट दुरुस्त करून मागण्याचा गुंतवणूकदाराला हक्क आहे; फंड हाउसने दाद दिली नाही तर सेबीच्या स्कोअर्स प्रणालीवर तक्रार नोंदवता येते.