भांडवल गुणिले महिने: नफावाटणीच्या उदाहरणामागचा इतिहास

वाणिज्याच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो. पान बांधणीपाशी आत वळलेलं, त्यामुळे ओळींची टोकं अंधारात गेलेली. तरी मजकूर लागतो: अ याने वर्षारंभी ४०,००० आणि ब याने ३०,००० गुंतवले. चार महिन्यांनी अ याने १०,००० काढून घेतले. ‘८ महिन्यां…’ क हा ९०,००० घेऊन आला. वर्षअखेर नफा २८,०००. प्रत्येकाचा वाटा काढा.

हे उदाहरण सोडवायची रीत सगळ्यांना पाठ असते. भांडवलाला महिन्यांनी गुणायचं आणि गुणाकारांच्या प्रमाणात नफा वाटायचा. पण या रीतीचे दोन भाग एका वयाचे नाहीत. गुंतवणुकीच्या प्रमाणात वाटणी ही कल्पना फार जुनी आहे. तिला मुदतीची जोड मिळाल्यावर आजचं उदाहरण तयार झालं.

जुना भाग भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सन ११५०) नेमका दिसतो. तिथे प्रत्येकाने घातलेल्या रकमेला ‘प्रक्षेपक’ म्हटलं आहे, म्हणजे एकत्र टाकलेलं. तीन व्यापारी ५१, ६८ आणि ८५ घालतात, व्यापारात त्याचे ३०० होतात, तर कोणाला किती? नियम असा, की प्रत्येक प्रक्षेपकाला एकूण फळाने गुणावं आणि प्रक्षेपकांच्या बेरजेने भागावं. बेरीज २०४, म्हणून उत्तरं ७५, १०० आणि १२५. इथे मुद्दल आणि नफा वेगळा केलेला नाही, सगळं मिळून वाटलं आहे. आणि मुदतीचा उल्लेखच नाही. तिघांनी एकदम पैसे घातले आणि शेवटी एकदम हिशेब केला, असं गृहीत आहे. माल घेऊन निघायचं, विकून परत यायचं आणि तिथल्या तिथे वाटणी करायची, अशा एका फेरीच्या व्यापाराला महिने मोजायची गरजच पडत नाही. गरज पडते ती धंदा वर्षानुवर्षं चालू राहतो आणि माणसं मध्येच येतात-जातात तेव्हा.

प्रमाणात वाटणी हीच न्याय्य, असं तरी सगळीकडे मानलं जात होतं का? नाही. बाबिलोनी तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रग्रंथात दोघं एका थैलीत पैसे घालतात, एक १०० आणि दुसरा २००. शमुएल नावाचे पंडित म्हणतात, नफा निम्मा-निम्मा. आजच्या परीक्षेत या उत्तराला शून्य गुण मिळतील. पण त्यामागे विचार आहे: थैली एक झाली, व्यवहार एकत्र झाला, मग कोणत्या नाण्याने किती कमावलं हे कसं सांगणार? हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे कायद्यात पुन्हा भेटतो.

मुदतीची जोड छापील रूपात फार स्वच्छ दिसते ती १४७८ साली इटलीतल्या त्रेव्हिझो गावी निघालेल्या एका अंकगणितात. लेखकाचं नाव त्यावर नाही. ते व्यापारात पडू पाहणाऱ्यांसाठी आहे आणि लॅटिनमध्ये नाही, व्हेनिसच्या बोलीत आहे. त्यात सेबास्तियानो १ जानेवारी १४७२ ला ३५० डुकाट घालतो, जाकोमो १ जुलै १४७२ ला ५०० डुकाट १४ ग्रोसी घालतो, आणि १ जानेवारी १४७४ ला नफा ६२२ डुकाट भरतो. महिने दिलेले नाहीत, तारखा दिल्या आहेत. महिने सोडवणाऱ्याने काढायचे: पहिल्याचे २४, दुसऱ्याचे १८. एका डुकाटचे २४ ग्रोसी, म्हणून रकमा ८,४०० आणि १२,०१४ ग्रोसी. महिन्यांनी गुणल्यावर २,०१,६०० आणि २,१६,२५२. वाटे सुमारे ३०० आणि ३२२ डुकाट. जाकोमोचं भांडवल जवळजवळ दीडपट, पण सहा महिन्यांच्या उशिराने त्याची आघाडी थोडक्यावर आली.

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजी अंकगणितांत याचे दोन स्वतंत्र नियमच झाले, एक काळाविना आणि एक काळासह. आपली शालेय उदाहरणं याच दुसऱ्या साच्यातली.

आता फोटोकडे. अ चे ४०,००० चार महिने राहिले आणि उरलेले ३०,००० आठ महिने. म्हणजे १,६०,००० अधिक २,४०,०००, एकूण ४,००,०००. ब चे ३०,००० बाराही महिने, म्हणजे ३,६०,०००. घोळ होतो तो क पाशी. तुटलेला शब्द ‘महिन्यांनी’ आहे की ‘महिन्यांसाठी’? ‘आठ महिन्यांनी’ असेल तर पैसे चारच महिने राहिले, गुणाकार ३,६०,००० आणि गुणोत्तर १० : ९ : ९. ‘महिन्यांसाठी’ असेल तर गुणाकार ७,२०,००० आणि गुणोत्तर १० : ९ : १८. एका प्रत्ययावर क चा वाटा ९,००० होतो किंवा साडेतेरा हजारांच्या वर जातो. पान परत मिळणार नसेल तर नफ्याचा आकडा बघावा. २८,००० ला २८ ने भाग जातो, ३७ ने जात नाही. पुस्तक रचणारा सहसा नफा बेतूनच घेतो, तेव्हा पहिलं वाचन बरोबर असण्याची शक्यता फार मोठी. (हा पुरावा नव्हे, पण मी त्यावर बिनधास्त पैज लावीन.) उत्तर: १०,०००, ९,०००, ९,०००.

या गुणाकारात एक गोष्ट चुपचाप मान्य केलेली असते, की प्रत्येक रुपया प्रत्येक महिन्यात सारखंच कमावतो. प्रत्यक्षात सगळा नफा शेवटच्या चार महिन्यांत झाला असेल, तर क ला हे गुणोत्तर अन्यायाचं वाटेल. सुरुवातीचे महिने कोरडे काढणाऱ्या ब ला मात्र तेच रास्त वाटेल. गणितात याला उत्तर नाही, कारण महिनावार नफा उदाहरणात दिलेलाच नाही.

कायदा तर या गुणोत्तराला मूळ नियम मानतच नाही. ब्रिटनचा १८९० चा भागीदारी कायदा आणि त्याच वळणाचा भारताचा १९३२ चा कायदा, दोन्हींत करार नसेल तर नफा-तोटा समसमान. शमुएलची थैली पुन्हा समोर येते. म्हणून पुस्तकपालनात भागीदारांमधला फरक बहुधा भांडवलावरच्या व्याजातून भरून काढतात. तेही करारात असेल तरच आणि नफ्यातूनच.

गंमत अशी, की त्या व्याजासाठी लागतो तोच जुना गुणाकार. वरच्याच उदाहरणात महिना एक टक्का व्याज ठरलं आहे असं धरू. ४,००,००० वर ४,००० आणि ३,६०,००० वर ३,६००, म्हणजे तिघांचं व्याज ११,२००. उरलेले १६,८०० समान वाटले की प्रत्येकी ५,६००. अ ला ९,६०० मिळतात, ब आणि क ला ९,२००. अंकगणिताच्या पुस्तकात अ पुढे होता हजाराने, इथे चारशेने. तेव्हा फोटो अंकगणिताच्या पुस्तकाचा आहे की पुस्तकपालनाच्या, आणि उदाहरणाच्या वर ‘गुंतवणूक व मुदतीच्या प्रमाणात’ अशी ओळ होती का, हे आधी विचारायला हवं. फोटो काढताना बहुतेक वेळा तीच ओळ वर कापली जाते.