चारचौघांतला अपमान आणि कॉर्टिसॉलचा आलेख

वरिष्ठांनी भर बैठकीत पाणउतारा केला की संध्याकाळपर्यंत हितचिंतकांकडून एक सल्ला हमखास मिळतो : मनात साठवून ठेवू नकोस, सगळा राग एकदाचा बाहेर काढ. राग म्हणजे कुकरमध्ये कोंडलेली वाफ, शिट्टी झाली की दाब उतरणार, असे मनाचे एक चित्र या सल्ल्यामागे गृहीत धरलेले असते. ते इतके पटण्याजोगे आहे की तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ते तपासले आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी ६०० विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले आणि प्रत्येकाला त्याच्या निबंधावर दुसऱ्या कोणीतरी दिलेला म्हणून अत्यंत जिव्हारी लागणारा शेरा दाखवला. नंतर काहींना त्या टीकाकाराला डोळ्यांसमोर आणत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, काहींना केवळ व्यायामाचा विचार करत ठोसे मारायला सांगितले, तर उरलेल्यांना नुसते बसवून ठेवले. टीकाकाराला आठवत ठोसे मारणारे सर्वांत जास्त संतापलेले निघाले. पुढे त्या टीकाकाराच्या कानात कर्कश आवाज सोडण्याची संधी मिळाली, तेव्हा सर्वांत कमी आक्रमक ठरले ते काहीही न करता बसलेले.

वाफेचे चित्र कुठे चुकते हे समजण्यासाठी अपमानाच्या वेळी शरीरात काय घडते ते पाहावे लागेल. पहिल्या काही सेकंदांत ॲड्रिनॅलिन रक्तात येते, छाती धडधडते, कान तापतात, आवाज कापरा होतो. ही लाट जितक्या वेगाने येते तितक्याच वेगाने, काही मिनिटांत, ओसरते. दुसरी साखळी संथ आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, ती रक्तातून दुसरा संदेश पाठवते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडू लागतात. या टप्प्यांमुळे कॉर्टिसॉलचा कळस प्रसंगाच्या क्षणी येत नाही. प्रसंग सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी, म्हणजे पुष्कळदा बैठक आटोपून माणूस आपल्या जागेवर परतल्यानंतर तो येतो.

कॉर्टिसॉलला नेमके काय जागे करते, हा प्रश्न मला या साऱ्या विषयात सर्वांत रंजक वाटतो. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेली एक चाचणी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. भाग घेणाऱ्याने निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर पाच मिनिटे बोलायचे आणि मग पाच मिनिटे तोंडी वजाबाकी करायची : १०२२ मधून १३, उरले १००९, पुन्हा १३, उरले ९९६. एक उत्तर चुकले की पुन्हा १०२२ पासून प्रारंभ. शारीरिक इजेचा लवलेश नसताना लाळेतील कॉर्टिसॉल सहज दुप्पट-तिप्पट होते. पुढे सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी प्रयोगशाळेतील ताणाच्या २०८ अभ्यासांची एकत्रित छाननी केली आणि २००४ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. नुसते अवघड काम, नुसता गोंगाट किंवा नुसता त्रासदायक चित्रपट यांनी कॉर्टिसॉल फारसे हलत नाही. दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वाधिक उसळते आणि खाली यायलाही सर्वाधिक वेळ घेते : आपली लायकी इतर लोक जोखत आहेत ही जाणीव, आणि आपण काहीही केले तरी निकाल बदलणार नाही ही असहायता. २००८ मधील आणखी एका प्रयोगात डिकरसन यांच्या गटाने पाहिले की भाषण देताना खोलीत दुसरी व्यक्ती केवळ हजर असेल, पण तिचे लक्ष स्वतःच्या कामात असेल, तर कॉर्टिसॉल वाढत नाही. तीच जागा परीक्षकांनी घेतली की वाढते. म्हणजे शरीर माणसांची उपस्थिती मोजत नाही, त्यांचे मूल्यमापन मोजते. टीमसमोरच्या अपमानात हे दोन्ही घटक पुरेपूर असतात, कारण पाहणारे सगळे ओळखीचे आणि उलट बोलण्याची सोय नाही.

मात्र या उसळीला शेवट आहे. रक्तातील कॉर्टिसॉलचे प्रमाण साधारण एक ते दीड तासात निम्म्यावर येते आणि मेंदूकडे पोहोचलेले कॉर्टिसॉल स्वतःच पुढील उत्पादनाला लगाम घालते. (‘कॉर्टिसॉल डिटॉक्स’च्या नावाने पावडरी आणि पेये विकणाऱ्यांनी लपवलेली गोष्ट हीच : हे काम निरोगी यकृत आणि मूत्रपिंडे फुकट करतात.) सकाळी अकराच्या बैठकीतील अपमानाचा रासायनिक ठसा निव्वळ शरीरावर सोडला तर दुपारी दोनच्या सुमारास बहुतांशी पुसला गेलेला असेल. मग रात्री अकरा वाजता, जेव्हा कॉर्टिसॉलची पातळी दिवसातील नीचांकाकडे जायला हवी, तेव्हा तोच माणूस छताकडे बघत, दात आवळून जागा का असतो?

याचे उत्तर उजळणीत आहे. लॉरा ग्लिन, निकोलस क्रिस्टनफेल्ड आणि विल्यम गेरिन यांनी २००२ मध्ये दाखवले की भावनिक आणि भावनारहित ताणांनी रक्तदाब सारखाच चढला तरी भावनिक ताणानंतर तो उतरायला अधिक वेळ लागतो, आणि मध्ये लक्ष दुसरीकडे वळवले तर हा विलंब बराच कमी होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नंतर तो प्रसंग केवळ मनात पुन्हा उभा करायला सांगितले, तेव्हा भावनिक प्रसंगानेच रक्तदाब परत चढवला. वरिष्ठ एकदाच बोललेले असतात, शरीराला मात्र ते दिवसातून अनेकदा ऐकवले जाते. वाफेच्या चित्रातील चूक इथे सापडते. आत काही साठवलेले नसतेच, दर उजळणीत ते नव्याने तयार होते, आणि आरडाओरड करत केलेली उजळणीही उजळणीच असते.

मग विचारच करू नये का? पहिल्या दोन-तीन तासांपुरते उत्तर ‘होय’ असेच आहे. त्या वेळी मन गुंतेल असे काम, ज्यात हात आणि डोळे दोन्ही लागतात, हाच उत्तम उपाय, आणि त्या काळात ई-मेलचे उत्तर किंवा राजीनामा लिहू नये. पण लक्ष वळवणे तात्पुरते आहे. प्रसंगाचा अर्थ न लावता तो दाबून ठेवला तर तो परत येतो. ईथन क्रॉस आणि ओझलेम आयडुक यांनी २००५ पासूनच्या प्रयोगांत उजळणी आणि अर्थ लावणे यांतला फरक उलगडला आहे. प्रसंग स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा जगत ‘मला असे का वाटले’ असे विचारणारे लोक घटनाक्रम आणि बोललेली वाक्ये पुन्हा सांगत राहतात व अधिक अस्वस्थ होतात. काही पावले मागे सरकून, दूर उभ्या असलेल्या स्वतःकडे पाहत तोच प्रश्न विचारणारे लोक घटनाक्रम कमी सांगतात आणि अर्थ अधिक लावतात. त्यांची अस्वस्थता आणि रक्तदाब दोन्ही कमी वाढतात. २०१४ मधील प्रयोगांत तर मनातल्या मनात ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव घेऊन विचार करण्यानेही हा परिणाम साधला.

प्रत्यक्षात हे कसे दिसते? समजा, एक कर्मचारी साप्ताहिक आढाव्यात तक्ता दाखवते आहे. तक्ता जुन्या फाइलवरून आलेला असल्याने एका रकान्याची बेरीज चुकलेली आहे. वरिष्ठ नऊ जणांदेखत म्हणतात, “एवढंही जमत नसेल तर इथे बसता कशाला?” कोणी काही बोलत नाही आणि एक सहकारी घाईने लॅपटॉपमध्ये डोके घालतो. संध्याकाळी ती हा प्रसंग स्वतःचे नाव वापरून, तृतीयपुरुषी, एका पानावर लिहिते. दूरून पाहिल्यावर एका गोळ्यात दिसणाऱ्या तीन गोष्टी सुट्या होतात. बेरीज चुकली, ही वस्तुस्थिती. तिला एवढेही जमत नाही, हा वरिष्ठांनी काढलेला निष्कर्ष, आणि तो एका रकान्यावरून निघत नाही. नऊही जण आता तिला नालायक समजतात, हा तिचा स्वतःचा अंदाज.

तिसऱ्या गोष्टीवर संशोधनाला बरेच सांगता येते. थॉमस गिलोविच यांच्या गटाने २००० मध्ये काही विद्यार्थ्यांना ओशाळवाणे वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. जवळजवळ निम्म्या लोकांच्या ते लक्षात येईल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आले. अर्थात भर बैठकीतला पाणउतारा सर्वांच्या लक्षात येतोच. पण त्याच संशोधकांनी पुढे असेही दाखवले की आपली फजिती पाहणारे लोक आपल्याला जितके कठोरपणे जोखतील असे आपल्याला वाटते, तितके ते जोखत नाहीत. लॅपटॉपमध्ये डोके घालणारा सहकारी तिला तुच्छ लेखत होता, की पुढची पाळी आपली तर नाही या भीतीने दडत होता, हे केवळ त्या दृश्यावरून ठरवता येणार नाही.

कॉर्टिसॉल उसळवणारा दुसरा घटक असहायतेचा होता आणि तो विचाराने जात नाही, कृतीने जातो. तिने दुरुस्त तक्ता त्याच दिवशी, कसलेही स्पष्टीकरण न जोडता, सर्वांना पाठवला तर शेवटची नोंद तिची राहते. एक-दोन दिवसांनी ती वरिष्ठांना एकांतात म्हणू शकते, “बेरीज चुकली हे मान्य आहे. चूक दाखवायला हरकत नाही, पण सर्वांसमोर जे वाक्य आलं ते मला लागलं, पुढच्या वेळी मला स्वतंत्रपणे सांगावं.” समोरचा माणूस वरमेल याची खात्री नाही, मात्र काहीच करता येत नाही ही स्थिती राहत नाही. सहकाऱ्याजवळ बोलताना मात्र सावध राहावे, कारण दोघांनी मिळून तोच प्रसंग रोज उगाळणे ही सामूहिक उजळणीच असते. ‘तुला त्यात काय दिसलं?’ असे विचारणारा श्रोता ‘आणि मग काय म्हणाले?’ असे विचारणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगाचा.

सावरत आहोत की नाही, याची खूण विसरण्यात शोधू नये. असा प्रसंग महिनोन्महिने आठवू शकतो. खूण आठवणीच्या पोतात असते. सावरताना आठवण आखडत जाते, संवादांऐवजी दोन वाक्यांचा सारांश येतो आणि छाती धडधडत नाही. अडकलेल्या माणसाची आठवण वाढत जाते. तिच्यात न दिलेली उत्तरे, नवे साक्षीदार, नवे हेतू जमा होतात.

या प्रयोगांची मर्यादा मोठी आहे. प्रयोगशाळेतील परीक्षक पुन्हा भेटत नाही आणि वार्षिक मूल्यांकन त्याच्या हातात नसते. प्रसंग दर आठवड्याला घडत असेल तर कॉर्टिसॉलला खाली यायला सवडच मिळत नाही. तिथे दूरून पाहण्याचे तंत्र अपुरे पडते. तारीख, शब्द आणि हजर व्यक्ती यांची नोंद ठेवणे, वरच्या पातळीवर तक्रार करणे किंवा विभाग बदलून घेणे हेच उपाय उरतात. आणि एकाच प्रसंगानंतरही उदासी किंवा कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःबद्दल तिटकारा, हे सारे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो नैराश्याच्या निदानाचा प्रश्न होतो आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी जावे.